यूट्यूब चालतं, मग हेच ॲप का अडतं?

“यूट्यूब चालतंय ना? मग नेट बरोबर आहे.” टीव्हीवरचे एखादे ॲप ९९ टक्क्यांवर अडकून बसले किंवा पडद्यावर नुसतेच चक्र फिरत राहिले, की घरात कुणीतरी हे वाक्य म्हणतेच. ब्रॉडबँडवाल्याला फोन लावला तर तोही तेच म्हणतो आणि दोष ॲपवर ढकलतो. ॲपच्या ग्राहकसेवेला विचारले तर ते सांगतात, तुमचे इंटरनेट तपासा. टीव्ही कंपनीच्या माणसाला तर बाकीची सगळी ॲप्स चालताना दिसत असतात, त्यामुळे टीव्हीत काही बिघाड आहे हे त्याला पटतच नाही.

गोंधळाचे मूळ त्या पहिल्या वाक्यातच आहे. यूट्यूब चालते यावरून दोनच गोष्टी सिद्ध होतात. टीव्ही वाय-फायला जोडलेला आहे आणि तुमच्या घरापासून गूगलच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. दुसऱ्या ॲपचे सर्व्हर वेगळे असतात, तिथपर्यंतचा रस्ता बहुधा वेगळा असतो आणि त्या ॲपने टीव्हीच्या पोटात साठवून ठेवलेली माहितीही वेगळी असते. बिघाड यांपैकी कुठे आहे हे शोधायला साधनांची फार गरज लागत नाही. एक फोन पुरतो.

प्ले दाबल्यानंतरच्या घडामोडी

नेटफ्लिक्सचे उदाहरण घेऊ, कारण त्याची रचना बरीचशी जगजाहीर आहे. आपण पोस्टरवर ‘प्ले’ दाबतो तेव्हा चित्रपट लगेच यायला लागत नाही. टीव्हीतले ॲप आधी कंपनीच्या मुख्य यंत्रणेशी बोलते. ही यंत्रणा ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालते. टीव्ही तिला सांगतो, मी अमुक खात्याचा टीव्ही, मला अमुक भाग हवा आहे. यंत्रणा खाते तपासते, टीव्हीला कोणत्या प्रकारचे व्हिडिओ झेपतील ते पाहते आणि ती फाइल कुठे मिळेल त्याचे काही पत्ते परत पाठवते.

यानंतर परवान्याची पाळी येते. व्हिडिओ कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली टीव्हीला दर वेळी मागावी लागते. गूगलची वाइडवाइन आणि मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी या त्यासाठीच्या दोन मोठ्या पद्धती. किल्ली हाती आल्यावर टीव्ही तिसऱ्याच ठिकाणी जातो, प्रत्यक्ष व्हिडिओ ठेवलेल्या सर्व्हरकडे. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ‘ओपन कनेक्ट’ नावाची योजना जाहीर केली. तिच्यात कंपनी व्हिडिओंनी भरलेली यंत्रे ब्रॉडबँड कंपन्यांच्या केंद्रांत किंवा त्यांच्या जवळ नेऊन ठेवते. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि पुरेसे तुकडे जमा झाले की चित्र सुरू होते.

पडद्यावर पोस्टरे आणि नावे दिसतात म्हणून ॲप ‘चालू’ आहे असे आपण समजतो. पण पोस्टरे एका ठिकाणाहून येतात, किल्ली दुसरीकडून आणि चित्रपट तिसरीकडून. यांतला एकच दुवा तुटला तरी चक्र फिरत राहते. टक्क्यांचा आकडा हा या सगळ्या कामाचा ॲपने बांधलेला अंदाज असतो. त्यामुळे ९९ वर अडकले याचा अर्थ शेवटचे एक टक्का काम राहिले आहे असा नाही. एखाद्या उत्तराची वाट पाहणे चालू आहे आणि ते उत्तर येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वेगाचा प्रश्नही इथेच निकालात काढता येतो. नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे ७२० पी चित्रासाठी सेकंदाला ३ मेगाबिट, १०८० पीसाठी ५ आणि फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग लागतो. घरात शंभरचा प्लॅन असेल आणि तो निम्मा जरी मिळत असेल, तर वेग कमी पडून ॲप अडायचे कारण नाही. वेग कमी पडला तर चित्र आधी अंधूक होते, मधेमधे थांबते. ते सुरूच होत नसेल तर कारण बहुतेक वेळा दुसरे असते.

फोन घेऊन दोन चाचण्या

पहिली चाचणी अशी. फोनमधला मोबाइल डेटा पूर्ण बंद करा, फोन घरच्याच वाय-फायवर ठेवा आणि तेच ॲप, तेच खाते, तोच भाग लावून पाहा. मोबाइल डेटा बंद करणे महत्त्वाचे आहे. वाय-फायवर उत्तर मिळत नसेल तर अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात, आणि आपण समजतो की वाय-फायवर चालले.

दुसरी चाचणी उलटी. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडा आणि तोच भाग लावा. दोन-तीन मिनिटे पाहिले तरी कळते. मात्र नंतर टीव्ही आठवणीने घरच्या वाय-फायवर परत आणा, कारण एचडी चित्राला तासाला सुमारे तीन जीबी डेटा लागतो.

पहिल्या चाचणीत रस्ता तोच राहिला आणि यंत्र बदलले. दुसरीत यंत्र तेच राहिले आणि रस्ता बदलला. फोनवर चालले आणि टीव्हीवर हॉटस्पॉट लावूनही अडले, तर दोष टीव्हीत आहे. फोनवरही अडले पण टीव्ही हॉटस्पॉटवर चालला, तर दोष घराच्या इंटरनेटच्या रस्त्यात आहे. दोन्हीकडे अडले तर खाते किंवा ॲपची कंपनी यांच्याकडे पाहायचे. दोन्हीकडे चालले आणि टीव्ही घरच्या वाय-फायवर तेवढा अडला, तर टीव्ही आणि राउटर यांच्यामधली जोडणी तपासायची. अशा वेळी टीव्हीतून वाय-फाय ‘विसरून’ पुन्हा जोडावे, किंवा केबलने जोडून पाहावे.

दोष टीव्हीत निघाला तर

आजचे टीव्ही रिमोटने बंद केले तरी खऱ्या अर्थाने बंद होत नाहीत. पुढच्या वेळी झटकन सुरू व्हावे म्हणून ते डुलकी घेतात, आणि ॲपही जसेच्या तसे स्मृतीत पडून राहते. काही टीव्हींत या सोयीला ‘क्विक स्टार्ट’ असे नाव असते. अनेक दिवस असे चालले की एखाद्या ॲपची जुनी जोडणी किंवा मुदत संपलेली ओळखचिठ्ठी तशीच अडकून राहते. म्हणून रिमोटने बंद-चालू करून काही साधत नाही. भिंतीवरच्या बोर्डातून प्लग काढावा, निदान एक मिनिट थांबावे आणि मग लावावा. हा घरगुती तोडगा वाटेल, पण कंपन्यांच्या अधिकृत सूचनांतही तो पहिला असतो, आणि तो का चालतो हे आता कळले असेल.

तेवढ्याने भागले नाही तर टीव्हीचे घड्याळ पाहावे. सुरक्षित जोडणीत टीव्ही सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत तपासतो आणि चिठ्ठ्यांवरची वेळही तपासली जाते. घड्याळ काही वर्षांनी मागे असेल तर जवळपास सगळीच ॲप्स अडतात, म्हणजे तो आपला प्रश्न नव्हे. पण ते काही तासांनी चुकलेले असेल तर प्रमाणपत्रे चालून जातात आणि वेळेबाबत काटेकोर असलेले एखादेच ॲप रुसते. इथे एक छुपी खोड असते. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण टाइम झोन चुकीचा असतो. समजा टीव्हीत झोन लंडनचा राहिला आणि कुणीतरी हाताने काटे भारतीय वेळेवर आणून ठेवले. भिंतीवरच्या घड्याळाशी ते जुळेल, पण टीव्हीच्या हिशेबाने जगाची वेळ साडेपाच तास पुढे गेलेली असेल. म्हणून वेळ ‘ऑटोमॅटिक’ आणि झोन भारताचा, असे दोन्ही तपासावे.

तिसरी पायरी ॲपने साठवलेल्या माहितीची. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्हीत सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’मध्ये जाऊन ते ॲप निवडले की ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ असे दोन पर्याय दिसतात. पहिल्याने तात्पुरत्या फाइली जातात. दुसऱ्याने ॲप कोरे होते आणि पुन्हा लॉगिन करावे लागते, म्हणून पासवर्ड हाताशी ठेवावा. आधी पहिला पर्याय, मग दुसरा. टीव्हीत किती जागा उरली आहे तेही पाहावे. स्वस्त टीव्हींत साठवणुकीची जागा मुळात कमी असते आणि ती भरली की ॲपला नवी माहिती लिहायला जागाच मिळत नाही.

नेटफ्लिक्ससाठी रिमोटची एक युक्तीही आहे, ती कंपनीनेच सांगितलेली आहे. ॲप उघडे असताना वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे आणि मग चार वेळा वर, अशी बटणे दाबली की एक छुपी यादी उघडते. तिच्यातून साइन आउट किंवा रीसेट करता येते. ॲप अडकल्यामुळे सेटिंग्जपर्यंत पोहोचताच येत नाही तेव्हा ही वाट उपयोगी पडते. पडद्यावर `UI-800-3` असा कोड दिसला तर तो साठवलेली माहिती ताजी करायला सांगतो, `NW-2-5` दिसला तर जोडणी तपासायला. सॅमसंगच्या टीव्हीत ‘स्मार्ट हब रीसेट’चा पर्याय असतो, पण त्याने बाकीच्या ॲप्सचीही लॉगिन जातात, म्हणून तो शेवटी ठेवावा.

टीव्ही फार जुना असेल तर मात्र हे सगळे उपाय थकतात. ३० मे २०२० रोजी इंटरनेटवरचे ‘ॲडट्रस्ट’ नावाचे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. रोकू या प्रवाही टीव्ही यंत्रांवरच्या काही वाहिन्या त्या दिवशी अचानक चालेनाशा झाल्या आणि बाकीच्या चालू राहिल्या. यंत्र तेच, इंटरनेट तेच. फक्त ज्या वाहिन्यांचे सर्व्हर त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर होते त्या अडल्या. यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हा त्यावरचा उपाय होता. पण कंपनीने अद्ययावत करणेच थांबवलेल्या टीव्हीला तो मिळत नाही. त्याला बाहेरून एचडीएमआयची स्टिक किंवा बॉक्स लावणे हा मग सरळ मार्ग.

दोष रस्त्यात निघाला तर

रस्त्यातली साधी कारणे आधी तपासावीत. राउटरमध्ये जाहिराती अडवणारा डीएनएस लावला असेल तर तो एखाद्या ॲपचा गरजेचा पत्ताही अडवू शकतो. व्हीपीएन चालू असेल तर काही ॲप्स मुद्दामच व्हिडिओ देत नाहीत. दोन्ही तात्पुरते बंद करून पाहावे. यापुढचे कारण मात्र असे आहे की ते कुणाला सहज सुचत नाही, आणि गावोगावच्या केबल-ब्रॉडबँडवर ते भेटू शकते. साताऱ्याला माझ्या मावशीच्या घरी ते पाहायला मिळाले.

मावशीकडे भिंतीवर ब्रॉडबँडवाल्याने बसवलेला फायबरचा डबा होता. वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून तिच्या मुलाने त्याला एक नवा राउटर जोडला. त्या दिवसापासून टीव्हीवर यूट्यूब झकास, बातम्यांचे ॲप झकास आणि मालिकांचे एक ॲप मात्र ९९ वर अडलेले. ब्रॉडबँडचा माणूस आला, त्याने फोनवर स्पीड टेस्ट केली. “ताई, पंच्याण्णव येतोय. टीव्हीचाच प्रॉब्लेम हाय.” त्याचे बोलणे त्याच्या परीने खरे होते. पण स्पीड टेस्ट बहुधा सगळ्यात जवळचा सर्व्हर निवडते, अनेकदा ब्रॉडबँड कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यातला. त्यापुढे काय होते ते तिला दिसत नाही.

वरच्या दोन्ही चाचण्या केल्या तेव्हा टीव्ही हॉटस्पॉटवर लगेच चालला, आणि मोबाइल डेटा बंद केलेल्या फोनवर तेच ॲप फिरत राहिले. म्हणजे टीव्ही निर्दोष. मग लॅपटॉप त्याच वाय-फायला जोडला आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन आज्ञा दिल्या:

```
ping -f -l 1464 1.1.1.1
ping -f -l 1472 1.1.1.1
```

पहिलीला `Reply from` असे उत्तर आले. दुसरीला नुसतेच `Request timed out.` या दोन ओळींत सगळा उलगडा होता.

इंटरनेटवर माहिती पाकिटांमधून जाते आणि घरच्या जाळ्यात एका पाकिटाची कमाल मर्यादा साधारण १५०० बाइट असते. बरेच ब्रॉडबँडवाले ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड घेऊन जोडणी देतात. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तिच्यात प्रत्येक पाकिटाला आठ बाइटचे जादा वेष्टण लागते, त्यामुळे आतल्या मजकुराला १४९२ च उरतात. पिंगच्या आज्ञेत आपण दिलेल्या आकड्यात २८ बाइटचे शीर्षक मिळवायचे. १४६४ चे होतात १४९२, ते गेले. १४७२ चे होतात १५००, ते अडले.

मोठे पाकीट अडणे हा स्वतः दोष नाही. वाटेवरच्या यंत्राने तसे कळवायला हवे, म्हणजे पाठवणारा पाकीट लहान करतो. सुस्थितीतल्या घरी दुसऱ्या आज्ञेला `Packet needs to be fragmented but DF set.` असे स्पष्ट उत्तर मिळते. इथे उत्तरच नव्हते. भिंतीवरचा डबा मोठी पाकिटे मुकाट्याने टाकून देत होता. व्हिडिओचा सर्व्हर पूर्ण आकाराची पाकिटे पाठवत राहिला, ती पोहोचत नव्हती, आणि का पोहोचत नाहीत हे त्याला कुणी सांगत नव्हते.

मग यूट्यूब कसे चालले? गूगलची ॲप्स बऱ्याचदा ‘क्विक’ नावाच्या पद्धतीने बोलतात. तिच्यात पाकिटे मुळातच लहान, साधारण १२०० ते १३५० बाइटच्या आसपास ठेवलेली असतात. ती १४९२ च्या दारातून आरामात जातात. काही सर्व्हर पोच आली नाही तर स्वतःहून लहान पाकीट पाठवून बघतात, तर काही तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवतात. म्हणून एकाच घरात, एकाच टीव्हीवर, एक ॲप झकास आणि दुसरे ठप्प.

उपाय मिनिटाचा होता. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये इंटरनेटच्या बाजूचा एमटीयू १५०० होता, तो १४९२ केला आणि राउटर पुन्हा सुरू केला. जोडणी सुरू होतानाच टीव्ही सर्व्हरला सांगतो की मला एवढ्या आकारापर्यंतचे पाकीट चालेल. बहुतेक राउटर तो आकडा आपल्या एमटीयूप्रमाणे वाटेतच कमी करतात. सर्व्हर मग पहिल्यापासूनच मापाची पाकिटे पाठवतो. मालिका लगेच सुरू झाली. राउटरमध्ये ही सोय सापडली नाही, तर नवा राउटर नुसत्या ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून वापरावा आणि ब्रॉडबँडवाल्याकडून भिंतीवरच्या डब्यातच ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ सुरू करून घ्यावे. हा शब्द त्यांच्या वरच्या तंत्रज्ञाला कळतो.

दोन्हीकडे अडले तर हात आवरा

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सने माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत थेट दाखवली. कंपनीच्या म्हणण्यानुसार सहा कोटी घरांत ती पाहिली गेली, आणि असंख्य प्रेक्षकांच्या पडद्यावर चित्राऐवजी चक्र फिरत राहिले. अशा वेळी घरात काहीही केले तरी उपयोग नसतो. उलट, चालू टीव्ही फॅक्टरी रीसेट करून बसलेल्या माणसाला नंतर सगळी ॲप्स पुन्हा भरत बसावे लागते. वाय-फायवरचा फोन आणि हॉटस्पॉटवरचा टीव्ही दोन्ही अडले, तर आधी दुसरा चित्रपट लावून पाहावा, मग दुसऱ्या कुणाच्या खात्यावर तोच भाग चालतो का ते विचारावे. दुसऱ्या खात्यावरही अडत असेल तर तासाभराने पाहावे. फक्त आपल्याच खात्यावर अडत असेल तर साइन आउट करून पुन्हा आत यावे.

ग्राहकसेवेला फोन करायची वेळ आलीच, तर “ॲप चालत नाही” असे सांगू नये. “हेच ॲप मोबाइल डेटा बंद केलेल्या फोनवर तुमच्या वाय-फायवरून चालत नाही, पण हाच टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो,” असे ब्रॉडबँडवाल्याला सांगावे. टीव्ही कंपनीला किंवा ॲपच्या माणसांना याच्या उलट. “फोनवर या वाय-फायवरून चालते, टीव्हीवर हॉटस्पॉट लावूनही चालत नाही, प्लग काढून पाहिला, डेटा साफ केला.” एवढे ऐकल्यावर “यूट्यूब चालतंय ना?” हा प्रश्न विचारायला पलीकडच्या माणसाला जागाच उरत नाही.